बाटिकची पहिली धुलाई आणि मिठाचा डबा

महाकालाच्या दर्शनाला उज्जैनला गेलेलं माणूस परत येताना शेजारच्या भेरूगढचं बाटिक आणणार, हे ठरलेलंच. प्रसाद संपतो, बाटिक उरतं आणि मग घरात दोन प्रश्न निघतात. पहिला : "अगं, या कापडाला तडे कसले गेलेत? बघून नाही घेतलंस?" दुसरा : "मिठात भिजवलंस ना, रंग पक्का व्हायला?" पहिला प्रश्न विचारणाऱ्यावर मी रागावत नाही. दुसरा विचारणारीच्या हातात मात्र डबा आधीच उघडलेला असतो, म्हणून तिच्याकडे आधी लक्ष द्यावं लागतं.

तरी क्रमाने सांगते. समजा, अडीच मीटरचा कुर्त्याचा सुती पीस आहे. मरून जमीन, तिच्यावर मोहरीपिवळी पानं आणि पांढरी फुलं. कारागिरानं सुरुवात पांढऱ्या कापडानं केली. जिथे पांढरं राहायला हवं तिथे गरम मेण लावलं आणि कापड पिवळ्या रंगात बुडवलं. मग जिथे पिवळं राखायचं तिथे मेण लावून कापड मरूनमध्ये बुडवलं. फिका रंग आधी, गडद शेवटी. रंगाची बुडी थंडच ठेवावी लागते, नाहीतर मेण वितळून नक्षीच वाहून जाईल.

आता तडे. मेणात दोन स्वभाव असतात. मधमाशीचं मेण लवचीक, कापड दुमडलं तरी दुमडून घेणारं. पॅराफिन ठिसूळ, जरा कुणी वाकवलं की मोडणारं. (घरोघरी दोन्ही असतात, पण तो विषय वेगळा.) कारागीर या दोन्हींचं मिश्रण करतो, चिकटपणासाठी कधी राळ घालतो. पॅराफिन जितकं जास्त, तितक्या रेषा जास्त. मेण गार होऊन कडक झालं की कापड मुठीत चुरगळतात किंवा रंगाच्या भांड्यात खालीवर करताना ते आपोआप चुरगळतं. मेणाला चिरा पडतात, रंग त्या चिरांतून आत झिरपतो आणि सुताला धरतो. म्हणजे तडा गेला तो मेणाला. मेण उकळून काढलं, तड्याचा नकाशा तेवढा कापडावर राहिला. धागा शाबूत आहे, काकू. नखाने ओढून बघू नका.

कुर्त्याचा पीस डोळ्यांजवळ धरला तर सगळा इतिहास दिसतो. पिवळ्या पानातल्या रेषा मरून, कारण त्या शेवटच्या बुडीत पडल्या. पांढऱ्या फुलातही बहुतेक मरूनच, पण एखादी पिवळसर सापडते. ती पहिल्या बुडीतली, नंतरच्या मेणाखाली झाकून राहिलेली. मरून जमिनीत एकही रेष नाही, तिथे मेणच नव्हतं. कापड उलटं करा. खऱ्या बाटिकच्या रेषा मागेही जवळजवळ तितक्याच ठळक असतात आणि एका फुलातली रेष दुसऱ्या फुलात हुबेहूब तशीच कधीच येत नाही. दर वीतभर अंतरावर तीच चीर तशीच वळताना दिसली, तर तो छापा आहे. गंमत म्हणजे जावामध्ये उत्तम हातकामाच्या बाटिकला अशी चीर पडणं हा दोष मानतात. आपल्याकडे ती नसेल तर गिऱ्हाईक विचारतं, हे खरं बाटिक आहे ना?

आता मीठ. भेरूगढला बऱ्याचदा नॅप्थॉलचे रंग वापरतात. कापड आधी एका द्रावात भिजवायचं, मग दुसऱ्यात. रंग तिथेच, डोळ्यांदेखत, कापडावरच तयार होतो आणि तो पाण्यात विरघळत नाही. धाग्याच्या आत तयार झालेला रंग पक्का बसतो. धाग्याच्या वरवर तयार झालेला नुसता भुकटीसारखा टेकलेला असतो. तो निघायला साबणाच्या गरम पाण्यात चांगलं खळबळावं लागतं आणि घाईत तेवढंच राहून जातं. बादलीत येतो तो हा उपरा रंग. मीठ त्याचं काय करणार? काही ठिकाणी रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे पाण्यात विरघळून मग सुताशी जोडले जाणारे रंग असतात. तिथे रंगवताना मीठ घालतात खरं, पण ते रंगाला पाण्यातून कापडाकडे ढकलायला. धुताना घातलं, तर सुटलेला मरून पुन्हा कापडाकडेच, म्हणजे आपल्या पांढऱ्या फुलांकडेच ढकलला जाईल. मिठाचा डबा आमटीसाठी ठेवा. व्हिनेगरही तिथेच.

धुण्याआधी दोन तपासण्या करा. पांढरा रुमाल ओला करून मरून भागावर दहा वेळा घासा. रुमाल गुलाबी होणारच, पण किती, हे कळतं. मग पिसाच्या कोपऱ्यावर आणि जिथे कापड कडक लागतं तिथे पाण्याचा थेंब टाका. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला तर मेण शिल्लक आहे. तो भाग खालीवर कोरा कागद ठेवून गरम इस्त्रीनं दाबा आणि कागद तेलकट झाला की बदला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई कापडाला लागते.

सगळाच पीस कडक असेल, तर इस्त्रीनं भागत नाही. मेण साधारण साठ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून मोठ्या पातेल्यात कढत पाणी, दोन चमचे द्रव साबण, आणि आत कापड ढवळत पाचेक मिनिटं. कापड पाणी गरम असतानाच चिमट्यानं काढून दुसऱ्या गरम पाण्यात टाका. पहिलं पाणी गार होऊ दिलंत, तर वर तरंगणारं मेण काढताना पुन्हा कापडालाच चिकटेल. ते पाणी मोरीत ओतू नका. गार झाल्यावर वरची मेणाची साय उचलून कचऱ्यात टाका, नाहीतर तीच साय नळीत जमून बसेल आणि मग प्लंबरला बाटिकची कला समजावावी लागेल.

मेण नसेल तर नुसत्या साध्या पाण्याची बादली, दहा-बारा लिटरची. कापड एकटंच. बनियन, टॉवेल, "एवढा एक रुमाल" यातलं काहीही सोबत नको. साबणाशिवाय पाच मिनिटं मोकळं हलवत राहा. "भिजत ठेवते आणि मालिका बघून येते" हे इथे चालत नाही. साचलेल्या पाण्यात गडद रंग फिक्यावर बसतो आणि पांढरी फुलं गुलाबी होतात. पाणी बदला. ते फिकट आलं की एक चमचा सौम्य द्रव साबण घालून हातानं धुवा. ब्लीच असलेली पावडर आणि ब्रश दोन्ही दूर ठेवा. मग स्वच्छ पाण्यातून दोनदा काढा.

पिळायचं नाही. पिळताना ओला मरून ओल्या पांढऱ्याला दाबला जातो. जुन्या टॉवेलात गुंडाळून दाबा. टॉवेल जुना, कारण तोही रंगणार आहे. उलटं करून सावलीत वाळत घाला, तेही एकेरी. दोरीवर दुहेरी टाकलं की गडद अर्धा फिक्या अर्ध्यावर रंग सोडतो.

हे सगळं शिवायच्या आधी करा. मेण काढताना कापड एकदा उकळलेलं असल्यामुळे ते कोऱ्या सुतीइतकं आटत नाही, पण थोडं आटतंच. अडीच मीटरमध्ये जेमतेम कुर्ता बसत असेल, तर शिंपी ते थोडं बाहीतून वसूल करतो.

दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात पाणी जरासं गुलाबी येतं, ते चालायचंच. चौथ्यालाही तितकंच लाल आलं आणि कोरडा रुमाल घासल्यावरही रंगला, तर रंगवणाऱ्यानं साबणाच्या पाण्यात कापड खळबळायचा कंटाळा केलेला आहे. असा कुर्ता कायम वेगळा धुवा. त्यावर पांढरी ओढणी घेऊ नका आणि क्रीम रंगाच्या सोफ्यावर बसण्याआधी यजमानांना विचारा.