चूळ भरली तर औषध धुऊन जाईल की!

आज संध्याकाळी मेडिकलमध्ये भांडण होता होता राहिलं. भांडण म्हणजे काय, मी एकटीच बोलत होते, बाकीचे बघत होते.

माझ्यापुढे एक पस्तिशीतला माणूस उभा होता. वडिलांचा दम्याचा पंप घेतला, बुडेसोनाइडवाला, म्हणजे स्टिरॉइडचा, रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा. पैसे देता देता म्हणाला, "आणि बी-कॉम्प्लेक्सची एक पट्टी द्या, बाबांचं तोंड आलंय." काउंटरवरच्या मुलाने पट्टी कापली, पंपाबरोबर पिशवीत टाकली आणि "पुढे कोण?" म्हणाला.

पुढे मी होते. आणि माझ्या डोळ्यासमोर माझी आई होती.

"तोंड आलंय" हे आपल्याकडचं काय विलक्षण वाक्य आहे! उष्णतेने फोड आले, तोंड आलं. कडक फरसाणाने टाळू सोलली, तोंड आलं. बुरशी झाली, तरी तोंडच आलं. आणि सगळ्यांवर उतारा एकच, ती लघवी पिवळी करणारी बी-कॉम्प्लेक्स.

माझी आई ७२ वर्षांची. दमा जुना, पण गेल्या दिवाळीनंतर तिचा पंप बदलला. फेब्रुवारीत ती आमच्याकडे आली तेव्हा भाकरी दुधात कुस्करून खात होती. ही बाई खर्डा नुसता चाटून खाणारी! आमटीचा घास घेतला की डोळ्यांत पाणी. "तुझ्या हाताला तिखट फार झालंय," म्हणाली. मी दोन दिवस तिखट कमी केलं. तोंडात बघावंसं मला वाटलं नाही. हे लिहिताना अजून लाज वाटते. आवाज पण बसला होता तिचा, सकाळची भूपाळी बंद. मी म्हटलं, हवा बदलली असेल.

मग उपाय सुरू. आधी बी-कॉम्प्लेक्स. मग तिचं स्वतःचं टाकणखाराची लाही आणि मध. (तिने स्वतःच्या तोंडाला लावलं म्हणून मी बोलले नाही. पण तान्ह्या बाळाच्या तोंडात पांढरं दिसलं म्हणून हे लावणाऱ्या आज्या अजून आहेत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही आणि टाकणखार तर पोटात गेला की विषच. माझ्या फ्रेंडलिस्टीत यावर वाद घालणारं कुणी नसावं, असलात तर इथे घालू नका.) त्यानंतर मी मेडिकलमधून "तोंडात लावायचं मलम" आणलं. तीन-चार दिवस लावलं आणि जळजळ वाढली.

शेवटी एका रात्री मोबाइलचा टॉर्च लावून तिचं तोंड उघडायला लावलं. आतल्या गालांवर, टाळूच्या मागच्या बाजूला पांढरे पांढरे ठिपके, घट्ट दह्याची कवडी फुटावी तसे. "दही खाल्लंस का गं?" मी विचारलं. चमच्याच्या दांड्याला स्वच्छ फडकं गुंडाळून हलकेच पुसलं तर एक ठिपका निघून आला, खाली लालभडक, थेंबभर रक्त. कवळी काढायला लावली तर वरच्या टाळूवर कवळीच्या बरोबर आकाराचा लाल ठसा, कुणी आखून घ्यावा तसा. तिथे पांढरं काहीच नव्हतं, नुसतं लाल. तेही त्याच बुरशीचं काम, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

आमच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड बघितलं आणि दाताबद्दल काही विचारायच्या आधी विचारलं, "आजी, पंप ओढल्यावर चूळ भरता का?"

आई म्हणाली, "चूळ कशाला? औषध धुऊन जाईल की!"

मी तिथे हसले. खरं म्हणजे रडायला हवं होतं. तीन महिने ही बाई पंप ओढून, तोंड घट्ट मिटून, औषध "मुरायला" दहा मिनिटं गप्प बसत होती. कशी चुकली ती? तिच्या बाजूने विचार केला तर अगदी बरोबर होतं. लावलेलं औषध कोण धुऊन टाकतं?

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं. पंपातून सुटलेल्या फवाऱ्याचा मोठा भाग तोंडात आणि घशातच आदळतो. फुप्फुसात जायचं ते श्वासाबरोबर आत गेलेलं असतं, ते चूळ भरून बाहेर येत नाही. मागे तोंडात राहतं त्याचा दम्याला काडीचा उपयोग नाही, उलट ते तिथली राखण ढिली करतं. कॅन्डिडा नावाची बुरशी आपल्यातल्या कितीतरी जणांच्या तोंडात एरवीही गपगुमान राहत असते. राखण ढिली झाली की ती पसरते. त्यात कवळी रात्रंदिवस तोंडात, त्यात साखर वाढलेली. बाईंनी साखर तपासायला लावली, उपाशीपोटी १६८ निघाली.

आणि ते मलम? त्यांनी ट्यूब उलटी करून मला वाचायला लावली. ट्रायम्सिनोलोन. म्हणजे स्टिरॉइड. साध्या फोडांना ते चालतं, पण स्टिरॉइडने झालेल्या बुरशीवर मी चार दिवस आणखी स्टिरॉइड चोळत होते. स्वतःच्या आईला. स्वतःच्या बोटाने.

मेडिकलवाल्याची बाजू एवढीच की मी "तोंड आलंय" एवढंच सांगितलं होतं. ठीक आहे. पण पंपाचं बिल त्याच्याच दुकानातलं होतं ना?

आता खरा राग कशाचा आलाय ते सांगते. या सगळ्याच्या मध्ये आईने मनाशी ठरवलं होतं की पंप "उष्ण पडतो", म्हणून तोंड आलंय. आणि कुणाला न सांगता पंप बंद केला होता. पहिले पाच-सहा दिवस काही झालं नाही, त्यामुळे तिला आपलंच बरोबर वाटलं. नवव्या रात्री पावणेदोनला ती पलंगाच्या कडेला बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढत होती. ओठांचा रंग मला आठवायचा नाहीये. रिक्षा, दवाखाना, नेब्युलायझर, ऑक्सिजन. एका वाक्यापायी. "ओढून झालं की खळखळून चूळ भरा, घशात गुळणी करा आणि थुंका." हे म्हणायला किती सेकंद लागतात? मी आत्ता मोजले. चार.

हो, ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरही माणूसच आहे, आणि डब्यातल्या कागदावर हे लिहिलेलं असतं. इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. माझ्या आईसाठी.

असो. उपचाराचं सांगते, कारण इनबॉक्समध्ये तेच विचाराल. बाईंनी क्लोट्रिमाझोलचा १ टक्क्याचा माउथ पेंट दिला. जेवणानंतर काही थेंब, दिवसातून चार वेळा, स्वच्छ बोटाने गालाच्या आत, टाळूवर, जिभेवर. पुढे अर्धा तास पाणीसुद्धा नाही. दोन आठवडे. दुसरा पर्याय निस्टॅटिनचा, तो तोंडात भरपूर वेळ घोळवायचा असतो, पोटातून अंगात जवळपास उतरत नाही. (ते औषध १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळांतल्या दोन बायकांनी शोधलं, हेझन आणि ब्राउन, आणि नाव राज्यावरून पडलं. वाचून मला उगाच बरं वाटलं.) मी म्हटलं, एक गोळी देऊन टाका ना, फ्लुकोनाझोल, मेडिकलवाला देत होता १५०ची. बाई म्हणाल्या, एका गोळीने हे जात नाही, द्यायचीच तर रोज एक, आठवडा-दोन आठवडे. शिवाय आजींची साखरेची ग्लिमेपिराइड चालू आहे, फ्लुकोनाझोलने ती अंगात जास्त रेंगाळते आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्त पातळ करायची वॉरफेरिन घेणाऱ्यांना तर आणखी जपावं लागतं, त्यांना तोंडात लावायची मायकोनाझोलची जेलसुद्धा नडते, नुसती लावूनही रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे गोळ्यांची यादी दाखवल्याशिवाय यातलं काही घेऊ नका. गिळताना छातीत दुखायला लागलं तर मात्र बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते, तिथे पेंट पोचत नाही, गोळीच लागते. आणि पांढरा डाग पुसून निघतच नसेल, त्यातून तंबाखूची सवय असेल, तर तो वेगळा विषय, लगेच दाखवा.

पाचव्या दिवशी आईचं तोंड स्वच्छ झालं. सहाव्या दिवशी तिने पेंट बंद केला. "बरं झालं की आता." बारा दिवसांनी ठिपके परत! या वेळी बाई रागावल्या, माझ्यावर. कारण पेंट अर्धवट सोडला हे एक, आणि कवळीला कुणी हातच लावला नव्हता हे दुसरं. बुरशी त्या गुलाबी प्लॅस्टिकला चिकटून बसते. तोंड साफ करायचं आणि तीच कवळी परत घालायची, म्हणजे अंघोळ करून मळके कपडे घालण्यातला प्रकार. मग कवळी रात्री बाहेर, रोज ब्रशने घासायची, दिवसातून दोनदा १५ मिनिटं क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशमध्ये. आई म्हणाली, "रात्री कवळीशिवाय तुझ्या नवऱ्यासमोर कशी येऊ?" मला इतकी माया आली तिची त्या क्षणी.

या वेळी दोन आठवडे पुरे केले. छातीच्या डॉक्टरांनी पंपाला स्पेसर लावून दिला, ते प्लॅस्टिकचं नळकांडं. जाड थेंब त्याच्या भिंतींवर बसतात, बारीक तेवढे आत जातात. तो साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळत ठेवायचा, फडक्याने पुसायचा नाही, पुसला की औषध आतून चिकटतं. आणि सगळ्यात सोपी युक्ती, पंप दात घासायच्या आधी ओढायचा. चूळ आपोआप होते, लक्षात ठेवावी लागत नाही. आईने पंप ब्रशच्या पेल्यातच उभा करून ठेवलाय.

तर आज मी त्या माणसाला दुकानाच्या पायरीवर गाठलं. आधी तो दचकला. मी एका दमात सगळं सांगितलं: पंप बंद करू नका, चूळ, गुळणी, थुंकायचं, आज रात्रीच बाबांचं तोंड टॉर्च लावून बघा, पांढरं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "ताई, ते तर ओढून झाल्यावर पाणीसुद्धा पीत नाहीत. औषध वाया जाईल म्हणून."

घरी येऊन आईला फोन करून हे सांगितलं. ती खूश झाली. मग क्षणभर थांबून म्हणाली, "त्याच्या बाबांना कवळी आहे का, विचारलंस?"

नाही विचारलं. तो स्कूटर काढून केव्हाच गेला होता.