‘झिरो कमिशन’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

*“लेख एकांगी आहे. सहार विमानतळावरच्या काउंटरवर डॉलर घेताना मला कमिशन शून्य लागलं, फोर्टातला दुकानदार २०० रुपये मागत होता. मग लुटतंय कोण? जरा अभ्यास करून लिहा. आणि लांबण किती लावता!”*

नमस्कार. ‘अभ्यास करून लिहा’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. अकरा वर्षं फोर्टात मनी चेंजरच्या काउंटरवर बसून नोटा मोजल्यात मी, त्यामुळे जरा झोंबलं. मुद्दा नम्रपणेही मांडता आला असता, पण असो.

लेखात मी विमानतळावरच्या ‘झिरो कमिशन’च्या पाटीला ‘लूट’ म्हटलं, तो शब्द जड झाला, मान्य. विमानतळावरच्या काउंटरवाल्याला जागेचं किमान भाडं ठरलेलं असतं, वर बहुतेकदा धंद्यातला हिस्सा द्यावा लागतो, आणि रात्री तीनच्या विमानासाठीही माणूस बसवावा लागतो. त्यात समोरचं गिऱ्हाईक चेक-इन करून आलेलं, शेजारी विचारायला जाणार कुठे? हा सगळा खर्च भावात बसतो. म्हणूनच पाटीवर शून्य लिहिणं परवडतं.

आता तुमचे ते २०० रुपये. समजा, काउंटर डॉलर ९१.५० ला विकतोय, दुकान ८७.२० ला (आकडे समजण्यापुरते). ५०० डॉलर घ्या. काउंटरवर ४५,७५० आणि जीएसटी ८२, म्हणजे ४५,८३२ रुपये. दुकानात ४३,६००, कमिशन २००, जीएसटी ७८, म्हणजे ४३,८७८. आता हातात आलेल्या ५०० डॉलरनी भागा: काउंटरचा डॉलर पडला ९१.६६ ला, दुकानाचा ८७.७६ ला. ‘शून्य’वाल्याकडे १,९५४ रुपये जास्त गेले, साहेब.

पाटी बघायचीच नाही. ‘सगळं धरून खिशातून किती जाणार आणि हातात किती डॉलर येणार’ एवढंच विचारायचं आणि भागाकार करायचा. भाव ‘वुई सेल’च्या रकान्यातला घ्यायचा, ‘वुई बाय’ हा तुम्ही परत विकायला आलात तरचा. येनचा भाव पुष्कळ ठिकाणी शंभर येनला लिहितात, तिथे भले भले फसतात.

हां, एक आहे. तुम्ही किती डॉलर घेतले ते लिहिलं नाहीत. वीसच घेतले असतील, तर दोन्हीकडे किमान ४५ रुपये जीएसटी धरून काउंटरवर डॉलर ९३.७५ ला पडतो आणि दुकानात ९९.४५ ला, कारण २०० रुपये वीसच डॉलरवर पसरतात. वरच्या भावांत साधारण ४७ डॉलरच्या खाली तुमचं म्हणणं खरं. तेवढ्यासाठी फोर्टला जाऊ नका, लोकलचं तिकीटही वर पडेल.

लांबणीबद्दल काय बोलू, वाचलंत ना शेवटपर्यंत? पावती असेल तर एकूण रक्कम आणि डॉलर टाका खाली, भागाकार मी करून देतो.