समोर कोणीच नाही

परवा इंटरव्ह्यू दिला. दिला असं आपलं म्हणायचं, कारण घ्यायला कोणी नव्हतंच. लिंक येते, स्क्रीनवर प्रश्न उमटतो, विचार करायला 30 सेकंद, बोलायला 2 मिनिटं, बोललेलं नुसतं रेकॉर्ड होतं, कोपऱ्यात आकडे उलटे पळत असतात. सरावाचा प्रश्न कितीही वेळा करा, खरा एकदाच.

सरावात खिडकीला पाठ करून बसलो तर माझ्या जागी नुसती काळी सावली, बातम्यांमध्ये ओळख लपवलेले साक्षीदार असतात ना तशी. कॅमेरा मागच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि आपलं तोंड काळं करतो. मग टेबल फिरवून खिडकी समोर घेतली. लॅपटॉप खाली राहिला की बघणाऱ्याला आधी नाकपुड्या दिसतात, म्हणून त्याच्याखाली दोन पाट आणि वर जुनी टेलिफोन डिरेक्टरी, तेव्हा कुठे कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आला. फॅनची घरघर माईकमध्ये येत होती, तोही बंद. मे महिना, अंगात फुल शर्ट, खाली बर्म्युडा.

मिरजेची आत्या सुट्टीला आलीये. तिला बजावलं होतं, एक अक्षर बोलायचं नाही. ती कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर कॉटवर गवार मोडत बसली. कट्. कट्. फॅन बंद केला होता त्यामुळे तेही स्पष्ट ऐकू येत होतं, पण आता उठून सांगणार कोण?

तिसरा प्रश्न आला, टीममधल्या मतभेदाचा प्रसंग सांगा. मी कॅमेऱ्याच्या त्या टिकलीएवढ्या भोकाकडे बघून हसलो. स्क्रीनवर स्वतःचं थोबाड बघत बोललं की नजर खाली पडलेली दिसते, म्हणून भोकाशेजारी स्टिकर चिकटवला होता. सुरुवात केली तोच आत्या म्हणाली, "कोणाशी हसतोयस?"

मी बोलत राहिलो.

"अरे, पलीकडून हूं का चूं नाही. फोन कट झाला वाटतं."

हाताने गप्प बस अशी खूण केली, तर तो हात नेमका फ्रेममध्ये.

"कोणी नाहीये गं आत्या, रेकॉर्ड होतंय!"

"कोणीच नाही? मग एवढ्या उकाड्यात फॅन कोणासाठी बंद केलास?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. 48 सेकंद उरली होती, ती मी भोकाकडे बघून घाम पुसण्यात घालवली. पुन्हा रेकॉर्ड करायची सोय नाही. चूक माझीच म्हणा, तिला गवारीसकट स्वयंपाकघरात बसवायला हवं होतं. पण खरं सांगू, तिचा रागही येत नाहीये. मी दोन तास फर्निचर हलवायचं आणि त्यांना साधा अर्ध्या तासाचा माणूस पाठवता येऊ नये? उमेदवारानेच सगळं करायचं, स्वतःच्या विजेवर, स्वतःच्या वायफायवर.

रात्री 11 वाजता मेल आला, यावेळी जमणार नाही, शुभेच्छा. आत्या म्हणाली, लिही त्यांना, नीट खडसावून लिही. मी म्हटलं, या पत्त्यावर उत्तर जात नाही गं.

"म्हणजे इथेही कोणी नाहीच?"