तूट कमी करायची? मग बिल एप्रिलमध्ये काढा

समजा, उद्या राज्याची तिजोरी तुमच्या हाती आली. हसू नका. डिसेंबरमध्ये नागपुरात अधिवेशन भरलं की सिव्हिल लाइन्सच्या फाटकातून आत गेलेला माणूस काय होऊन बाहेर येईल, याचा नेम नसतो. पहिला प्रश्न तुमच्यापुढे तुटीचाच येईल. खर्च कमी करा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. खर्चाला हात न लावता तुम्ही फक्त त्याची तारीख बदला.

हे जमतं, कारण केंद्राचे आणि राज्यांचे हिशेब रोख पद्धतीने लिहिले जातात. तिजोरीतून पैसा गेला की खर्च, आला की जमा. काम कधी झालं आणि देणं कधी लागलं, हे खतावणी विचारत नाही. दुसरी एक उपार्जित पद्धत आहे, सीए मंडळी तिला अॅक्रुअल म्हणतात. तिच्यात देणं ज्या दिवशी लागलं त्याच दिवशी लिहावं लागतं, मग पैसे आज द्या की पुढच्या वर्षी. असली चोंबडी पद्धत तुम्हाला परवडणारी नाही.

आमच्या गल्लीतला एक ठेकेदार बघा. त्याच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने १० कोटींचा रस्ता फेब्रुवारीत पुरा केला. अभियंत्याने मोजमाप पुस्तकात नोंद केली, बिलावर सह्या झाल्या, आणि मग कळलं की निधी संपला. तेवढ्यात सीएचा फोन आला, १५ मार्चला आगाऊ कराचा शेवटचा हप्ता भरायचा आहे. "पैसेच नाही आले तर टॅक्स कायचा भरू?" हा म्हणाला. सीएने शांतपणे समजावलं की कंपनीचे हिशेब कायद्यानेच उपार्जित पद्धतीचे असतात. काम झालं, बिल झालं, म्हणजे नफा झाला.

आता या प्रसंगाचं सौंदर्य बघा. त्याच्या वहीत ३१ मार्चला ओळ आहे: सरकारकडून येणे, १० कोटी. सरकारच्या वहीत त्याच्या समोरची ओळ शोधायला जाल तर ती नाही. त्या वर्षी या रस्त्यावर सरकारचा खर्च शून्य. रस्ता आहे, त्यावरून बस धावते, फीत कापून झाली, कर वसूल झाला, आणि तूट मात्र १० कोटींनी कमी. एवढी काटकसर कोणत्या गृहिणीला जमली आहे?

मात्र इथेच नवशिके फसतात, तेव्हा नीट ऐका. दुसऱ्या वर्षी ते जुने १० कोटी द्यावे लागतात आणि ते त्या वर्षीच्या खर्चात पडतात. म्हणजे तूट नुसती खऱ्या आकड्यावर ठेवायलाही नवी १० कोटींची बिलं अडवावी लागतात. तिच्यात पुन्हा १० कोटींची घट दाखवायची, तर २० अडवा. तिसऱ्या वर्षी ३०. थकलेली बिलं किती आहेत, यावर तूट कमी होत नाही. यंदा ती बिलं किती वाढली, त्यावर होते. त्यामुळे एकदा हा रस्ता धरला की चालत राहा, थांबू नका. थांबणाऱ्याच्या डोक्यावर सगळं एकाच वर्षी येऊन आदळतं.

दिल्लीकरांचा अनुभव आहे. अन्न महामंडळाने धान्य घ्यायचं, वाटायचं, आणि केंद्राने अनुदानाची पूर्ण रक्कम न देता महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज काढायला लावायचं, असं काही वर्षं छान चाललं. धान्य लोकांच्या पोटात गेलेलं होतं, पण केंद्राच्या तुटीत नव्हतं. मग २०२१ च्या अर्थसंकल्पात हे कर्ज बंद करून बाकी चुकती करायचं ठरलं. २०२०-२१ चं अन्न अनुदान मूळ अंदाजात सुमारे १.१६ लाख कोटी होतं, सुधारित अंदाजात ते ४.२२ लाख कोटींवर गेलं. त्यात कोरोनाकाळातलं फुकट धान्यही होतं, पण मोठा भाग जुन्या उधारीचा होता. हिशेब बघणाऱ्याला वाटावं, देशाने एका वर्षात एवढं खाल्लं!

कधी उलटी अडचण येते. मार्च संपत आला, निधी शिल्लक आहे आणि काम सुरूच झालेलं नाही. न खर्चलेला निधी ३१ मार्चला व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो. घाबरू नका. कोषागारातून रक्कम काढा आणि स्वीय प्रपंजी खात्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या नावाच्या सरकारी ठेव खात्यात टाका. पैसा सरकारच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, पण विधिमंडळापुढच्या हिशेबात तो खर्च झाला. मघाशी झालेला रस्ता वहीत नव्हता, आता न झालेली शाळा वहीत आली. महालेखापरीक्षक आपल्या अहवालात या खात्यांतल्या शिलकी मोजतात, उपयोगिता प्रमाणपत्रं किती आली नाहीत तेही लिहितात. तो अहवाल कोणी वाचत नाही ना, एवढं बघा.

आणखी एक सोय. रस्त्याचे १० कोटी शेवटी दिलेत की ते भांडवली खर्चाच्या एकूण आकड्यात जमा होतात आणि तिथेच राहतात. तीन पावसाळ्यांत रस्त्याची चाळण झाली तरी आकड्याला खड्डा पडत नाही. उपार्जित पद्धतीत रस्त्याचं आयुष्य १० वर्षं धरलं, तर दर वर्षी १ कोटी घसारा खर्चात लिहावा लागतो. डागडुजी टाळली की रोख हिशेबात ती बचत दिसते. उपार्जित हिशेबात मात्र आयुष्य घटतं आणि घसारा वाढतो.

म्हणूनच कोणी सुधारणेचा आग्रह धरला, तर नाही म्हणू नका, समिती नेमा. सरकारी हिशेबाची मानकं ठरवणारं सल्लागार मंडळ २००२ पासून आहे. बाराव्या वित्त आयोगाने उपार्जित पद्धतीकडे वळा अशी शिफारस केली, केंद्राने ती तत्त्वतः मान्यही केली. "तत्त्वतः" हा शब्द कोणी शोधला असेल, त्याचा पुतळा व्हायला हवा.

अगदीच गळ्यात पडली, तरी हातपाय गाळू नका. महानगरपालिकांना ही पद्धत लागू आहे, त्यांच्याकडून शिका. रस्त्याचं आयुष्य १० ऐवजी २० वर्षं लिहा, घसारा निम्मा. जे घरपट्टीचे थकबाकीदार कधीच देणार नाहीत, त्यांची रक्कम येणे म्हणून ठेवा आणि बुडीत धरू नका, म्हणजे उत्पन्न फुगतं. रोख पद्धत आंधळी खरी, पण तिच्यात आलेला रुपया बँकेत दाखवावा लागतो. इथे अंदाजाला जागा भरपूर. अंबाझरी तलावाची किंमत किती लिहायची, हे ठरवायला बसलात तर दोन अधिवेशनं सहज निघतील.

परवा सकाळी तो ठेकेदार तर्री पोह्याच्या ठेल्यावर भेटला. दोन प्लेट झाल्यावर म्हणाला, "लिहून ठेव भाऊ, बिल निघालं की देतो." ठेलेवाल्याने कांदा कापता कापता वही ओढली, तर्रीचा डाग पडलेल्या पानावर ८० रुपये मांडले आणि वरची बेरीज त्याच्याकडे वळवून दाखवली.

"मागचे धरून बाराशे चाळीस झाले. आकडा बरोबर आहे ना, बघून घ्या."