मेंबरशिप बंद केली म्हणून कूपन का गिळता?

शॉपिंग ॲपची फ्री डिलिव्हरीची मेंबरशिप बंद करताना स्क्रीनवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मुदत संपेपर्यंत तुमचे फायदे सुरू राहतील'. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतलेले, त्यातला अख्खा महिना शिल्लक. बटण दाबलं, लगेच 'माझी कूपन्स' उघडलं, तर मेंबरांसाठीचं शंभर रुपयांचं कूपन गायब! त्यावर वापरायची तारीख छापली होती महिनाअखेरची.

कस्टमर केअरवाली बाई म्हणते, "मॅडम, फ्री डिलिव्हरी चालू आहे ना? कूपन हा अतिरिक्त लाभ आहे, तो रद्द करताच जातो." अहो, मेंबरशिप विकताना त्याच कूपनाचा बॅनर सगळ्यात वर होता! तेव्हा तो अतिरिक्त नव्हता?

पॉइंट्सचा प्रकार तर याहून संतापजनक. खात्यात जमा झालेले राहिले, पण 'प्रलंबित' दिसत होते ते सगळे शून्य. वस्तू परत करायची मुदत उलटली की मगच पॉइंट जमा होतात, आणि त्या दिवशी मेंबरशिपचं ऑटो-रिन्यू चालू असावं लागतं म्हणे. हे कुठे लिहिलंय? नियम-अटींच्या तळाशी, बारीक अक्षरांत. सामान घेतलं, पैसे दिले, काही परत केलं नाही. मग ते पॉइंट माझेच ना?

आणि ती बटणं! 'ऑटो-रिन्यू बंद करा' म्हणजे पुढचे पैसे कापले जाणार नाहीत, डिलिव्हरी मुदतीपर्यंत फुकट. त्याच्याच खाली 'मेंबरशिप आत्ताच संपवा', म्हणजे डिलिव्हरीसुद्धा त्या क्षणी बंद. दोन्ही एकाच रंगाची, एकाच आकाराची. खालचं दाबलं की पुढच्या ऑर्डरला डिलिव्हरी चार्ज लागतो तेव्हाच माणसाला कळतं. शिवाय मागे फिरायचं बटण 'मला बचत हवी आहे' आणि पुढे जायचं 'नाही, मला बचत नको'. ग्राहकाला असं खजील करणं आणि रद्द करणं मुद्दाम किचकट ठेवणं, हे दोन्ही डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्या, केंद्र सरकारच्या 2023 च्या त्याविरोधातल्या नियमावलीत नावानिशी आहेत. मी 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली आहे. कूपनावरच्या तारखेचा स्क्रीनशॉट होता म्हणून बरं, कारण ॲपमध्ये आता त्या कूपनाचा मागमूसही नाही.

ज्यांना बंद करायची आहे त्यांनी आधी कूपन वापरून टाका, प्रलंबित पॉइंट जमा होऊ द्या, दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट घ्या, मगच बटणाला हात लावा. तोवर नूतनीकरणाची तारीख आलीच, तर यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द करा. पैसे कापायच्या किमान 24 तास आधी सूचना येते, ती आली की लगेच.

पण ही धावपळ आम्ही का करायची? रद्द करायच्या त्याच पानावर तीन ओळी लिहा: डिलिव्हरी अमुक तारखेपर्यंत, कूपन आज जाणार, इतके पॉइंट बुडणार. पैसे कापायची तारीख बरोबर लिहिता येते की तुम्हाला!