आयर्न कॉन्डरमधला "ठरलेला तोटा" आणि ॲडजस्टमेंटचा हिशेब

"निफ्टीवर आयर्न कॉन्डर टाका, दहातल्या आठ वेळा नफा. तोटा आधीच ठरलेला, म्हणून स्टॉपलॉस नको. बाजार अंगावर आला तर नफ्यातली बाजू जवळ ओढा, तोटा भरून निघतो." ऑप्शन ट्रेडिंगमध्ये असा सल्ला ऐकू येतो. आयर्न कॉन्डर म्हणजे एक कॉल आणि एक पुट विकायचा, आणि त्यांच्या बाहेरच्या स्ट्राइकचा एक कॉल आणि एक पुट हेज म्हणून विकत घ्यायचा.

आधी "दहातले आठ" तपासू. निफ्टी 25,000 वर आहे, एक्सपायरीला आठवडा आहे असं धरा. 25,500 चा कॉल 45 ला विकला, 25,700 चा 20 ला घेतला. 24,500 चा पुट 50 ला विकला, 24,300 चा 30 ला घेतला. हातात 45 पॉइंट आले. दोन्ही बाजूंना स्ट्राइकमधलं अंतर 200, म्हणून जास्तीत जास्त तोटा 200 वजा 45, म्हणजे 155. लॉट 65 चा, तेव्हा कमाई 2,925 रुपये आणि धोका 10,075. एक्सपायरीपर्यंत धरून आठ वेळा पूर्ण नफा, दोनदा पूर्ण तोटा झाला तर 360 वजा 310, म्हणजे दहा सौद्यांत 50 पॉइंट. सौद्यामागे पाच. चार लेग, म्हणजे हे चार ऑप्शन, घेताना प्रत्येकी अर्धा पॉइंट भावात घसरला तरी दोन गेले. ब्रोकरेज आणि कर अजून बाकीच आहेत.

तोटा ठरलेला आहे हे खरं, पण तो 155 आहे, तो पूर्ण सोसायची गरज नाही. सगळा कॉन्डर परत घ्यायला 90 पॉइंट लागू लागले की बाहेर पडायचं. तोटा 45 वर थांबतो. तोच कॉन्डर 22 ला परत मिळत असेल तर नफा घ्यायचा. एक्सपायरीच्या आदल्या दिवशी काहीही असो, सोडायचा, कारण शेवटच्या दिवशी विकलेल्या स्ट्राइकजवळ निफ्टी थोडा हलला तरी भाव उड्या मारतो. मात्र बाजार मोठ्या फरकाने उघडला किंवा झपाट्याने पडला तर 90 चा भाव मिळेलच असं नाही. 4 जून 2024 ला निफ्टी एका दिवसात जवळपास सहा टक्के पडला. म्हणून किती लॉट घ्यायचे हे 155 धरूनच ठरवा.

आता बाजू ओढण्याचं, म्हणजे ॲडजस्टमेंटचं. निफ्टी 25,400 वर गेला, कॉल स्प्रेड, म्हणजे विकलेल्या आणि घेतलेल्या कॉलच्या भावातला फरक, 70 चा झाला, पुट स्प्रेड 4 वर आला. तो बंद करून 25,000/24,800 चा पुट स्प्रेड 24 ला विकला, तर निव्वळ 20 मिळाले. वरचा तोटा 155 वरून 135 झाला, एवढंच भरून निघालं. पण नफ्याचा पट्टा 24,455 ते 25,545 होता, तो 24,935 ते 25,565 उरला. 1,090 पॉइंटांचा 630. निफ्टी मागे फिरला की आता खालची बाजू अंगावर येते, आणि बरेच जण इथेच दोन्हीकडून मार खातात. त्यामुळे ओढायचं तर एकदाच, एक्सपायरीला तीन दिवसांहून जास्त असताना, आणि एकूण तोट्याची 45 ची मर्यादा न हलवता.

सोडताना आधी विकलेला लेग परत घ्या, मग हेज विका. उलट केलंत तर मध्येच उघड्या लेगचं मार्जिन लागतं.