मूळ निकालात असं कुठंय?

आमच्या ऑफिसात कोर्टाच्या निकालांचे मराठी सारांश तयार होतात, पक्षकारांना द्यायला, आणि ते बाहेर जायच्या आधी मूळ निकालाशी ताडून बघायचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे ज्युनिअर लोक लिहिणार, वकीलसाहेब सही करणार आणि मधे मी, एका स्क्रीनवर शंभराहून जास्त पानांची पीडीएफ आणि दुसरीकडे चार पानांचा सारांश घेऊन, ‘हे मूळ निकालात कुठंय?’ एवढा एकच प्रश्न दिवसभर विचारत बसणारा माणूस. त्यामुळे मी ऑफिसात फारसा लोकप्रिय नाही. माझ्या टेबलाकडे चहासुद्धा सगळ्यात शेवटी येतो.

तर परवा आला विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा. हो तोच, सुप्रीम कोर्टाचा, ११ ऑगस्ट २०२० चा, मुलींच्या वाट्याचा. महाराष्ट्रात असं एक घर नसेल जिथे या निकालाचा फॉरवर्ड आला नाही आणि त्यानंतर रक्षाबंधनाला थोडी शांतता पसरली नाही. माझ्या सख्ख्या आत्याला तर तो तोंडपाठ आहे, म्हणजे फॉरवर्ड, निकाल नाही.

सारांश वाचायला घेतला तर एकदम झकास. भाषा गुळगुळीत, परिच्छेद सुबक, कुठे अडखळायला होत नाही. मला नेमकी याचीच भीती वाटते. ओबडधोबड सारांशात चूक असली तर ती खड्ड्यासारखी लागते तरी, गुळगुळीत सारांशात माणूस मान डोलवत डोलवत शेवटच्या ओळीपर्यंत जातो. म्हणून माझी पद्धत अशी की पहिल्या वाचनात अर्थाकडे बघायचंच नाही, नुसतं पेन्सिल घेऊन प्रत्येक तारीख, प्रत्येक आकडा, प्रत्येक नाव आणि ‘सर्व’, ‘कधीच’, ‘बंधनकारक’, ‘आदेश दिला’ असल्या छातीठोक शब्दांखाली रेघ मारायची. मग त्या प्रत्येक रेघेला मूळ निकालातला परिच्छेद क्रमांक द्यायचा. ज्या रेघेला क्रमांक मिळत नाही ती संशयित.

पहिलीच रेघ: ‘पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने’. पीठ तिघांचं होतं, न्या. अरुण मिश्रा, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शाह. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीआधीच वडील वारले असले तर मुलीला वाटा मिळतो का, यावर प्रकाश विरुद्ध फुलवती आणि दानम्मा विरुद्ध अमर हे दोन न्यायमूर्तींच्या पीठांचे दोन निकाल एकमेकांशी जुळेनात म्हणून प्रकरण तिघांपुढे गेलं होतं. ज्युनिअरला विचारलं पाच कुठून आले, तर म्हणे, “काका, एवढा मोठा निकाल म्हणजे पाच असणारच ना.” असणारच ना! मनानं घातलेल्या निम्म्या गोष्टी या ‘असणारच ना’ मधून जन्माला येतात. खोटं बोलायचं म्हणून कुणी लिहीत नाही हो, गाळलेली जागा दिसली की हात आपोआप भरतो.

हे सोपं होतं, पहिल्या पानावर नावं असतात. गंमत पुढे. ‘न्यायालयाने विनिता शर्मा यांना एक चतुर्थांश हिस्सा देण्याचा आदेश दिला.’ रेघ मारली, पीडीएफमध्ये शोधलं, आणि एक चतुर्थांश सापडलं की! ज्युनिअर मागे उभा होता, त्याचा चेहरा असा खुलला की बघायला नको. पण आकडा निकालात सापडला म्हणजे तो कोर्टानं दिला असं होत नाही. मी त्याला म्हटलं, आता वर सरक आणि सांग हे कोण बोलतंय. वर सरकला तर काय, तो तिचा दावा होता. मुलीनं एक चतुर्थांश मागितला होता, वडील ११ डिसेंबर १९९९ ला वारले होते, आणि दिल्ली हायकोर्टानं सांगितलं होतं की वडील आधीच गेल्यामुळे २००५ च्या दुरुस्तीचा फायदा तुला नाही. आणि सुप्रीम कोर्टानं शेवटी काय केलं? कायद्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि प्रकरणं गुणवत्तेवर ठरवायला योग्य त्या पीठापुढे ठेवायला सांगितली. त्या दिवशी कुणाच्या हातात कसलाच हिस्सा पडला नाही. शंभर पानांच्या निकालातून कुणाला काहीच मिळालं नाही हे ज्युनिअरला इतकं लागलं की त्याने त्या दिवशी डबासुद्धा अर्धाच खाल्ला.

कोण बोलतंय हा प्रश्न मी भिंतीवर चिकटवून ठेवणार आहे. आपल्याकडचे निकाल कसे असतात, आधी हकीकत, मग या वकिलाचं म्हणणं, मग त्या वकिलाचं म्हणणं, मग जुन्या निकालांचे पानंच्या पानं उतारे, आणि मग कुठेतरी खाली कोर्ट स्वतः तोंड उघडतं. याच सारांशात पुढे लिहिलेलं होतं की ‘फुलवती आणि दानम्मा या निकालांत विसंगती नाही असे न्यायालयाने स्पष्ट केले’. हे निकालात आहे, शब्दशः आहे, फक्त ते कोर्टाला मदत करणाऱ्या ज्येष्ठ वकिलांचं म्हणणं आहे. कोर्टानं शेवटी फुलवतीचं मत रद्दबातल ठरवलं आणि दानम्माचंही जेवढं या निकालाशी जुळत नाही तेवढं. आणि कहर म्हणजे सारांशात हेही होतं, चौथ्या पानावर! म्हणजे दुसऱ्या पानावर विसंगती नाही आणि चौथ्या पानावर एक निकाल पूर्ण आणि दुसरा अर्धा उडवला. मधल्या तिसऱ्या पानावर काय भूकंप झाला याचा कुठे उल्लेख नाही.

आता तारखा. या निकालात दोन तारखा जुळ्या बहिणींसारख्या फिरतात, एक ९ सप्टेंबर २००५, ज्या दिवशी दुरुस्ती लागू झाली, आणि दुसरी २० डिसेंबर २००४, ज्या दिवशी विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. हक्क पहिल्या तारखेपासून मागता येतो, पण दुसऱ्या तारखेच्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या, विक्री, मृत्युपत्रं तशीच राहतात, त्यांना हात लागत नाही. सारांशात सरसकट ‘९ सप्टेंबर २००५ पूर्वीचे व्यवहार अबाधित’. जवळजवळ नऊ महिन्यांचा फरक, आणि बिल आल्याचं कळल्यावर घाईघाईनं केलेल्या वाटण्या नेमक्या याच नऊ महिन्यांतल्या असणार की! जिच्या भावानं फेब्रुवारी २००५ मध्ये जमीन वाटून घेतली त्या बाईला हा सारांश घरी पाठवेल आणि खरा निकाल कोर्टात. बरं शोधायचं म्हटलं तर कॉम्प्युटरही साथ देत नाही, कारण `20.12.2004` टाकलं की एक गठ्ठा सापडतो आणि कायद्याच्या उताऱ्यात तीच तारीख अक्षरांत लिहिलेली, `20th day of December, 2004`, ती सापडतच नाही. म्हणून ‘शोधलं, मिळालं नाही’ यावर मी कुणाचा विश्वास ठेवत नाही, दोन-तीन तऱ्हांनी शोधावं लागतं, नाहीतर सरळ वाचावं लागतं, ज्याला आमच्या ऑफिसात अघोरी उपाय समजतात.

मग एक वाक्य आलं ज्याचं मला खरंच कौतुक वाटलं. ‘लग्न झालेल्या मुलींना हा हक्क नाही.’ हे पूर्ण हवेतलं नाही, महाराष्ट्राने १९९४ साली स्वतःची दुरुस्ती केली होती, २२ जून १९९४ पासून, आणि त्यात त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ज्युनिअरनं ते कॉलेजात वाचलेलं, डोक्यात होतं, लिहिताना सांडलं. माहिती खरी, पण दुसऱ्या कायद्याची. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची अट नाही. अशी चूक पकडायला सगळ्यात अवघड, कारण ऐकणारा म्हणतो हो हो, असं काहीतरी आहे खरं.

आत्याचा फोन याच सुमारास आला. “काय रे, सगळ्यात अर्धा ना?” सारांशातही तेच होतं, ‘मुलींना वडिलांच्या सर्व मालमत्तेत मुलाइतका वाटा’. आत्या, सर्व नाही गं. निकाल एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतल्या जन्मजात हक्काबद्दल आहे. आजोबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला पुण्यातला फ्लॅट त्यांनी मृत्युपत्र करून कुणालाही दिला असता, अगदी शेजाऱ्याला. “शेजाऱ्याला का देतील?” म्हणाली, आणि पुढची दहा मिनिटं शेजाऱ्यांवर गेली.

शेवटी मी उलटी तपासणी करतो, म्हणजे सारांश बाजूला ठेवून निकालाचा निष्कर्षाचा भाग घ्यायचा, इथे परिच्छेद १२९, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य सारांशात आलंय का बघायचं. कारण जे गाळलं गेलं ते सारांश वाचून कधीच दिसत नाही. सारांश म्हणतो ‘तोंडी वाटणी कधीच मान्य होणार नाही’. परिच्छेद १२९ मध्ये हे आहे, पण लगेच पुढचं वाक्य ‘तथापि’ म्हणत येतं: अपवादात्मक प्रकरणात, सार्वजनिक कागदपत्रांचा आधार असेल आणि वाटणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच पक्की दिसत असेल, तर मान्य होऊ शकते. नुसत्या तोंडी पुराव्यावरची मात्र सरळ फेटाळायची. ज्या काकांनी वेगळा ताबा, वेगळं उत्पन्न, महसुली नोंदी आणि त्या काळातले इतर सरकारी कागद असं सगळं जपून ठेवलंय त्यांची अख्खी केस त्या एका वाक्यावर उभी आहे, आणि ते वाक्य जागा वाचवायला कापलेलं. तसंच ‘प्रलंबित दावे सहा महिन्यांत निकाली काढणे बंधनकारक’. मुळात ‘शक्यतो’ आहे आणि ती विनंती आहे. आपल्याकडे दिवाणी दावा सहा महिन्यांत निकाली काढणं बंधनकारक झालं असतं तर ही बातमी मुलींच्या हक्कापेक्षा मोठी झाली असती.

सगळ्या खुणा करून कागद ज्युनिअरकडे दिला, लाल शाईनं इतका भरलेला की त्याने आधी मागची बाजू कोरी आहे का ते पाहिलं. म्हटलं, बाबा, कोर्ट जेवढं ठाम तेवढंच आपण ठाम, जास्त नाही. तो निमूट गेला. दुसऱ्या दिवशी नवा सारांश आला. ‘वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असणे काही प्रकरणी आवश्यक नसावे असे न्यायालयाचे मत दिसते.’ अरे देवा. हा तर अख्ख्या निकालातला सगळ्यात स्पष्ट मुद्दा, हक्क जन्मानं येतो म्हणून वडील हयात असण्याची गरज नाही, त्यात ना ‘काही प्रकरणी’ ना ‘नसावे’. खाली बघत गेलो तर पुढे ‘मुलीचे स्थान साधारणतः मुलासारखे’, ‘पीठ तीन न्यायमूर्तींचे असल्याचे समजते’, आणि अगदी वर, तारखेच्या जागी, ‘निकाल दिनांक: बहुधा ११ ऑगस्ट २०२०’.

“काका,” म्हणाला, “आता तर कुठेच चूक नाही ना?”